किल्ल्यांबरोबर तीन वह्या

येत्या 1 एप्रिलपासून आमचं किराणा दुकान माझा मुलगा बघणार आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या तोंडाशी 1988 साली मी हे दुकान मांडलं. मुलगा शाळेत असताना गल्ल्यावर बसायचा, पुड्या बांधायचा. पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला आणि आता आपणहून परत आला आहे. माल कुठे ठेवलाय हे त्याला माहीत आहे, गिऱ्हाइकं त्याला ओळखतात. वह्या मात्र त्याने कधी उघडून वाचल्या नाहीत, कारण त्या मीच लिहीत आलो. म्हणून त्याच्यासाठी हे टिपण लिहायला घेतलं. लिहिता लिहिता वाटलं, महिनाअखेरीला वही घेऊन वाण्याच्या दुकानी जाणाऱ्या माणसालाही फळीच्या अलीकडचा हिशेब कळायला हरकत नाही. म्हणून ते इथे देतो आहे.

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "बाबा, दुकान नक्की किती रुपयांचं आहे?" मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण ते एका आकड्यात देता येत नाही. आपले पैसे तीन ठिकाणी असतात. काही मालाच्या रूपाने फळ्यांवर आणि मागच्या खोलीतल्या पोत्यांत असतात. काही गिऱ्हाइकांच्या घरी असतात, म्हणजे त्यांनी नेलेल्या मालात. आणि जे आपले दिसतात त्यातले बरेचसे खरं तर ज्यांनी माल दिला त्या व्यापाऱ्यांचे असतात. प्रत्येक जागेची एक वही आहे: स्टॉक रजिस्टर, उधारीची वही आणि व्यापाऱ्यांची वही. गल्ला ही चौथी जागा. तिथे पैसे फक्त रात्रीपुरते थांबतात, म्हणून गल्ल्याकडे बघून दुकान कसं चाललंय हे ठरवू नकोस. दिवाळीच्या आठवड्यात गल्ला ओसंडून वाहतो, पण त्यातली मोठी रक्कम सांगलीच्या घाऊक व्यापाऱ्याची असते, ज्याने तेल, साखर आणि रवा महिनाभर आधी उधारीवर दिलेला असतो.

आधी स्टॉक रजिस्टर. आपल्याकडे लहानमोठे सहाशेच्या वर प्रकार आहेत. सगळ्यांची रोजची नोंद ठेवायला बसशील तर दुकान चालवायचं राहून जाईल. मी फक्त तीस जिनसांना पान दिलं आहे. त्यात साखर, गूळ, तांदूळ, डाळी, पोहे, रवा, शेंगदाणे, तेलाचे डबे हा सुटा आणि जड माल आहे, आणि सिगारेट, काजू, बदाम, ब्लेड असा लहान आकाराचा पण महागडा माल आहे. गळती याच दोन प्रकारांत होते. बाकीच्या पाकिटबंद मालाची महिन्यातून एकदा मोजदाद पुरते.

पानावर पाच रकाने आहेत: तारीख, तपशील, आवक, जावक, शिल्लक. आवक लिहिताना बिलावरचा आकडा उतरवायचा नाही, काट्यावर आलेला लिहायचा. पोत्यावर छापलेलं वजन आणि पोत्यातलं वजन यांत फरक पडतो. एकदा लातूरहून तूरडाळीची दहा पोती आली, प्रत्येकी 30 किलोची. पावसाचे दिवस होते आणि टेम्पोवाल्याला घाई होती. मी वजन न करता सही केली. चार दिवसांनी पोती फोडली तेव्हा एकेक पोतं 29 किलो 400 ग्रॅम भरलं. दहा पोत्यांत सहा किलो डाळ गेली. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "सही घेताना का नाही बोललात?" त्याचं बरोबर होतं. त्या दिवसापासून माझा नियम आहे की दहा पोती आली तर मधलीच कोणतीही तीन काट्यावर ठेवायची. एक जरी कमी भरलं तर सगळी मोजायची, तूट बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहायची आणि माल आणणाऱ्याची सही घ्यायची. सही असली की व्यापारी तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट देतो. नंतर केलेल्या फोनला कुणी दाद देत नाही.

आता शिल्लक कशी तपासायची ते साखरेवरून सांगतो. मागे एका महिन्यात 1 तारखेला एक भरलं पोतं आणि पिंपात 14 किलो, अशी 64 किलो साखर होती. महिन्यात चार पोती आली, म्हणजे 200 किलो. एकूण 264. महिनाअखेरीला पुड्या धरून सगळी साखर मोजली तेव्हा 72 किलो भरली. म्हणजे 192 किलो साखर दुकानाबाहेर गेली. रोखीची बिलं आणि उधारीची वही मिळून विक्री मात्र 187 किलोचीच दिसत होती. मग पाच किलो साखर कुठे गेली?

अशा वेळी कुणावर संशय घ्यायच्या आधी फरकाचा नमुना बघायचा. पोतं फोडताना, पुड्या बांधताना सांडतं. पोत्यामागे पाव किलो मी धरतो, म्हणजे चार पोत्यांना एक किलो. राहिले चार. तुझ्या आईला विचारलं तेव्हा कळलं की पाहुणे आले होते आणि घरी दोन किलो नेली होती, ती लिहायची राहिली. राहिले दोन. मग इतर पानं उघडली. त्याच महिन्यात तांदळात, पोह्यांत, हरभराडाळीतही शंभर किलोमागे साधारण एक किलो कमी येत होतं. सगळ्या सुट्या मालात सारख्याच प्रमाणात तूट दिसली की दोष काट्याचा. शिक्क्याचं एक किलोचं वजन ठेवून पाहिलं तर काटा 990 ग्रॅम दाखवत होता. म्हणजे गिऱ्हाइकाला किलोमागे 10 ग्रॅम जास्त जात होते आणि 187 किलोत पावणेदोन किलोच्या वर साखर तशीच गेली. साफसफाईत काटा सरकला होता आणि फळीच्या उतारावर बसला होता. वैधमापन खात्याकडून काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते, ती तर करायचीच. पण शिक्क्याचं वजन ठेवून आठवड्यातून एकदा घरच्या घरीही काटा बघायचा. काटा उलट बाजूने चुकला असता तर गिऱ्हाइकाचं नुकसान झालं असतं आणि आपल्या रजिस्टरमध्ये माल जास्त दिसला असता. जास्त आलेला माल बघून खूश होऊ नकोस. तो कमी आलेल्या मालाइतकाच वाईट.

हा नमुना लक्षात ठेव. एकाच जिनसात तूट असेल तर त्या मालात काहीतरी आहे: पोतं कमी भरलं, उंदराने पोतं फोडलं, गूळ पाघळला. सगळ्या सुट्या मालात असेल तर काटा. सुटा माल बरोबर आणि पाकिटं कमी असतील तर बहुतेक वेळा उधारीत दिलेलं लिहायचं राहिलेलं असतं. चोरीचा विचार सगळ्यांत शेवटी करायचा. पोऱ्यावर खोटा आळ आला तर तो नोकरी सोडतो, आणि चूक सापडल्यावर तो परत येत नाही.

घरी नेलेला माल हा आपल्या दुकानांचा जुना रोग आहे. आपलंच दुकान, त्यात काय लिहायचं, असं वाटतं. म्हणून मी घराला गिऱ्हाईक केलं. उधारीच्या वहीत पहिलं पान घराचं आहे. तुझी आई कोथिंबिरीसारखी फळीवरची काडेपेटी उचलायची, आता तीही लिहून जाते. महिन्याचं पान बेरीज करून घरखर्चात टाकायचं.

नव्या-जुन्या मालाचं तुला माहीत आहे: आधी आलेला माल पुढे, नवा मागे. रव्याच्या पोत्यावर खडूने आल्याची तारीख लिहायची. आषाढ-श्रावणात रवा आणि डाळी तीन आठवड्यांच्या वर ठेवायच्या नाहीत, मग स्वस्तात कितीही मिळोत. किडलेला माल रजिस्टरमधून त्याच दिवशी वजा कर आणि समोर 'खराब' असं लिही, नाहीतर वर्षअखेरीला तो आकड्यात जिवंत राहतो आणि खोलीत नसतो.

रजिस्टर ताजं असण्याचा उपयोग गेल्या वर्षी तूच पाहिलास. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, बिस्किटं यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. जुन्या किमती छापलेला माल आपल्याकडे पडून होता आणि गिऱ्हाईक सकाळपासून नव्या भावाने मागत होतं. वितरकांनी किमतीतल्या फरकाबद्दल विचारलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न एकच होता: 21 तारखेच्या रात्री कोणता माल किती शिल्लक होता? आपण त्या रात्री दुकान बंद करून मोजलं होतं, म्हणून यादी देता आली.

आता व्यापाऱ्यांची वही. प्रत्येक व्यापाऱ्याला एक पान. त्यावर बिल नंबर, तारीख, रक्कम, द्यायची तारीख, दिलेली रक्कम आणि बाकी. पैसे देताना नेहमी बिल नंबर सांगून द्यायचे. "पंचवीस हजार पाठवतो, जमा करा," असं मोघम सांगितलं की ते व्यापाऱ्याच्या वहीत कोणत्या बिलापोटी लागले हे आपल्याला कळत नाही. सहा महिन्यांनी एखादं जुनं बिल उघडं राहिलेलं निघतं आणि त्यावर व्याज लागलेलं असतं.

द्यायची तारीख हा या वहीतला सगळ्यांत महत्त्वाचा रकाना, आणि त्यात एक गोष्ट दडलेली आहे. तेलाचा व्यापारी 30 दिवसांची मुदत देतो, पण 7 दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट देतो. दोन टक्के म्हणजे काय मोठंसं, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. 40,000 च्या बिलावर ही सूट 800 रुपये होते. ती सोडून आपल्याला मिळतात काय तर 23 दिवस जास्त. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून 12 टक्के दराने तेवढ्या दिवसांसाठी 39,200 रुपये उचलले तर व्याज जातं सुमारे 300 रुपये. म्हणजे कर्ज काढून सूट घेतली तरी 500 रुपये वाचतात. महिन्यात अशी तीन बिलं असली तर पोऱ्याचा आठवड्याचा पगार निघतो. जिथे सूट नाही तिथे मात्र पूर्ण मुदत वापर. आधी पैसे देऊन काही मिळत नाही. आणि मुदतीपलीकडे जाऊ नकोस. टंचाई आली, तेल किंवा डाळ कडाडली, की व्यापारी आधी कुणाला माल देतो हे त्याच्या वहीतल्या आपल्या पानावरून ठरतं.

यात सरकारचे दोन नियम येतात. एका व्यापाऱ्याला एका दिवसात 10,000 रुपयांच्या वर रोख दिलेस तर तो खर्च आयकराच्या हिशेबात धरला जात नाही, म्हणून मोठी रक्कम नेहमी बँकेतून जाऊ दे. आणि बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं. आपली मुदत इतकी लांबत नाही, पण वादातली बिलं अशीच अडकून पडतात.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक व्यापाऱ्याकडून खातेउतारा मागवायचा आणि आपल्या पानाशी ओळ न् ओळ ताडून बघायचा. बाकी जुळली नाही तर घाबरू नकोस, पण तडजोडही करू नकोस. एकदा एका घाऊक व्यापाऱ्याच्या उताऱ्यावर आपली बाकी 86,580 होती आणि माझ्या वहीत 79,760. फरक 6,820 रुपयांचा. आधी परत केलेला माल बघितला. फुटलेल्या पाकिटांची 4,120 ची क्रेडिट नोट त्याच्या उताऱ्यात नव्हती. ती त्याची चूक. फरक उरला 2,700. या आकड्याला 9 ने भाग जातो. फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हे मला माझ्या पहिल्या मालकांनी शिकवलं होतं. त्या नजरेने बिलं बघितली आणि दहा मिनिटांत सापडलं: 8,530 चं बिल मी 5,830 लिहिलं होतं. ती माझी चूक. त्याने 4,120 वजा केले, मी 2,700 वाढवले आणि दोन्हीकडे 82,460 आले. मी नुसता भांडायला गेलो असतो तर त्याची चूक सापडली असती आणि माझी तशीच राहिली असती.

आता उधारीची वही. ही सगळ्यांत जाड आहे आणि हिच्यासाठीच हे टिपण लिहायला बसलो.

उधारी कुणाला द्यायची हे माणसाच्या चांगुलपणावरून ठरत नाही. त्याच्या हातात पैसा कोणत्या दिवशी येतो यावरून ठरतं. शाळेतल्या आणि बँकेतल्या लोकांचा पगार महिन्याच्या सुरुवातीला होतो, त्यांची तारीख 5. दूध घालणाऱ्यांना डेअरी दर दहा दिवसांनी पैसे देते, तर त्यांच्याकडून महिन्यातून तीनदा थोडं थोडं घ्यायचं. महिनाभर थांबलास तर दोन हप्ते दुसरीकडे गेलेले असतात. मजुरीवर जाणाऱ्यांचा पगार बाजाराच्या दिवशी होतो, त्यांचा हिशेब त्याच संध्याकाळी. ऊस उत्पादकांचं वेगळं. कायद्याप्रमाणे ऊस गेल्यापासून 14 दिवसांत बिल मिळायला हवं, पण ते किती लांबतं हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. त्यांना कारखान्याची मोळी पडण्याआधीच्या महिन्यांत माल लागतो आणि पैसा नंतर येतो. म्हणून त्यांच्या पानावर 'उसाचं बिल आल्यावर' असं लिहिलेलं दिसेल, आणि कंसात कारखान्याचं नाव. त्या कारखान्याने हप्ता सोडल्याची बातमी आली की ती पानं काढायची.

ऊसतोडीच्या टोळ्या मराठवाड्यातून येतात. त्यांना उधार द्यायचं ते मुकादमाच्या शब्दावर आणि आठवड्याच्या हिशेबाने. पट्टा पडायच्या आधी पंधरा दिवस त्यांचं खातं बंद करायचं, म्हणजे नवीन उधारी थांबवून जुनी वसूल करायची. पट्टा पडला की एका रात्रीत खोप्या रिकाम्या होतात. ती माणसं बुडवणारी असतात म्हणून असं होत नाही. पाचशे मैल चालून-फिरून जगणाऱ्या माणसाला गावी जायची ओढ असते आणि मुकादमाकडून पैसे मिळाले नाहीत तर तो तरी कुठून देणार?

प्रत्येक घराला मर्यादा ठेवली आहे. त्या घराच्या महिन्याच्या किराण्याची दीडपट. पानाच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने जो आकडा आहे तो तोच. तिथवर पोहोचलं की नवा माल रोखीने आणि जुन्याचं थोडं थोडं. हे सांगताना आवाज खाली ठेव आणि दुकानात दुसरं कुणी नसताना सांग. चारचौघांत उधारी काढलेलं घर पैसे फेडतं आणि मग दुसऱ्या दुकानात जातं.

आपल्या वहीत लिहिलेलं गिऱ्हाइकाच्या छोट्या वहीत त्याच वेळी, त्याच्यासमोर लिहायचं. हे मी एका चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या खात्यावर मी 1,850 रुपये दोनदा लिहिले. त्याच्या मुलाने माल नेला तेव्हा एकदा, आणि संध्याकाळी तो स्वतः आला तेव्हा तो नेलेला माल सांगतोय असं न समजता पुन्हा एकदा. महिनाअखेरीला तो म्हणाला, "शेठ, एवढं झालं नाही." मी माझी वही दाखवली आणि दोन शब्द जास्त बोललो. तो गप्प बसला, पैसे मोजून दिले आणि गेला. आठ दिवसांनी रजिस्टरमध्ये तेलाचा एक डबा जास्त निघाला, तेव्हा मला उलगडा झाला. मी त्याच्या वस्तीवर जाऊन पैसे परत केले. त्याने घेतले, चहा पाजला. पण त्या दिवशी दुकानात बोललेले शब्द परत घेता आले नाहीत. तेव्हापासून दोन वह्या आहेत. ज्याला वाचता येत नाही त्याला आकडा मोठ्याने वाचून दाखवायचा. मुलाच्या हाती माल गेला तर त्याचं नाव समोर लिहायचं.

महिन्याच्या बेरजेखाली गिऱ्हाइकाची सही घे. लोकांना वाटतं हा अविश्वास आहे, म्हणून मी स्वतः आधी सही करतो आणि मग वही पुढे करतो. सहीला कायद्याचं कारणही आहे. माल दिल्यापासून, किंवा पैशाची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून, तीन वर्षांत दावा केला नाही तर कोर्टात ती उधारी वसूल करता येत नाही. त्या तीन वर्षांच्या आत गिऱ्हाइकाने बाकी मान्य करून सही केली तर सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. आणि नुसत्या आपल्या वहीतल्या नोंदीवर कोर्ट कुणाला देणेकरी ठरवत नाही. सोबत दुसरा पुरावा लागतो. अडतीस वर्षांत मी एकदाही कोर्टात गेलो नाही, तूही बहुधा जाणार नाहीस. पण सही असली की तिथवर जायची वेळच येत नाही.

दर महिन्याला उधारीचं वय काढ. हे वय माल दिल्याच्या तारखेपासून मोजू नकोस, ठरलेल्या दिवसापासून मोज, नाहीतर प्रत्येक ऊसवाला तुला थकबाकीदार दिसेल. फेब्रुवारीअखेरची आपली उधारी 2,84,000 आहे. त्यातले 1,58,000 महिन्याच्या आतले आहेत, ते येतील. 80,000 एक ते तीन महिन्यांचे आहेत. या घरांना भेटायला हवं, आणि भेटायचं म्हणजे तगादा लावायला नव्हे, काय झालंय ते विचारायला. बहुतेक घरांत दवाखाना किंवा लग्न निघतं आणि मग हप्ता ठरवता येतो. 46,000 तीन महिन्यांच्या वरचे आहेत. यातले निम्मे आले तरी पुष्कळ समज.

बुडीत रक्कम लहान दिसते, पण तिचा भार बघ. आपल्याला शंभराच्या विक्रीत सरासरी 8 रुपये सुटतात. हजाराची उधारी बुडली म्हणजे खरेदीचे 920 रुपये गेले. ते भरून काढायला साडेअकरा हजारांचा माल विकावा लागतो, आणि तेवढी विक्री नफ्याशिवाय जाते. 46,000 पूर्ण बुडाले तर असा पाच लाखांच्या वरचा माल.

वहीत तीन पानं अशी आहेत ज्यांवर मी आडवी रेघ मारून 'सोडले' असं लिहिलं आहे. एक घर कर्ता माणूस गेल्यामुळे, दोन गाव सोडून गेल्यामुळे. ती पानं पुढच्या वहीत नेऊ नकोस. न येणारा पैसा वर्षानुवर्षं पुढे ओढला की आपण आहोत त्यापेक्षा श्रीमंत आहोत असं वाटतं आणि त्या भरवशावर खरेदी होते. पण सोडायचं ते लिहून सोडायचं. जुनी पानं कधी कधी आपणहूनही जागी होतात. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा वर्षांची उधारी थकलेली माणसं पाचशे-हजाराच्या नोटा घेऊन दारात उभी राहिली होती. किराणा दुकानाला त्या घ्यायची परवानगी नव्हती, म्हणून मी घेतल्या नाहीत. पण बाकी मान्य केल्याच्या सह्या घेतल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे नव्या नोटा आणून दिल्या.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. फेब्रुवारीअखेरीला खरेदीच्या भावाने माल 6,40,000 चा आहे. छापील किमतीने कधी धरू नकोस, तो नफा अजून झालेला नाही. येणी उधारी 2,84,000. रोख आणि बँकेत मिळून 92,000. तिन्हींची बेरीज 10,16,000. यातून व्यापाऱ्यांचं देणं 3,71,000 वजा केलं की उरतात 6,45,000. त्यातून तीन महिन्यांवरचे 46,000 मी मनातून काढून टाकतो. उरले 5,99,000. गेल्या वर्षी याच दिवशी हाच आकडा 5,72,000 होता. म्हणजे घरखर्च भागवून वर्षाला 27,000 रुपये दुकानात वाढले. हे पान दर महिन्याला काढ. विक्री वाढतेय आणि हा आकडा कमी होतोय असं दिसलं, तर पैसा तीनपैकी कोणत्या वहीत अडकतोय ते बघ. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा उधारीच्या वहीत सापडतो.

31 मार्चला रात्री दुकान बंद करून सगळा माल मोजायचा आहे. मागच्या खोलीतल्या साखर-गुळापासून सुरुवात करू. पोत्यांवर आता मला चढवणार नाही. तू वरून आकडे सांग, मी खाली बसून लिहून घेतो. त्या पानाखाली आपण दोघंही सही करू.

तुझे बाबा